गुलाबी, पिवळी, हिरवी

आमच्या ब्राह्मणपुरीच्या घरात ओसरीवर एक जुनी खाट आहे. जानेवारी 2023 मध्ये तीन रात्री त्या खाटेवर मी कागदाचे तुकडे मोजत बसलो होतो. पहिल्या रात्रीचे गुलाबी, दुसऱ्या रात्रीचे पिवळे, तिसऱ्या रात्रीचे हिरवे. रात्री दीड-दोनला शहाद्याहून मोटारसायकलवर परतायचं, अंगावरची शाल तशीच ठेवायची आणि तेलाचा रिकामा डबा खाटेवर उपडा करायचा. वहिनीला झोप लागत नव्हती म्हणून ती मदतीला बसायची. मी नंबर वाचायचो, ती गठ्ठे लावून रबर चढवायची. मोठ्या प्रायोजकाचा गुलाबी गठ्ठा मोजून ती म्हणाली, "ह्या त अठ्ठावीसच शेतस, भाऊ." मी पुन्हा मोजले. अठ्ठावीसच होते. त्या प्रायोजकाला मी त्या रात्रीचे साठ पास दिले होते.

कार्यक्रम शहाद्यातला, मोकळ्या मैदानावरचा आणि तीन रात्रींचा. पहिल्या रात्री लोककलांचा कार्यक्रम, दुसऱ्या रात्री गाण्याची मैफल, तिसऱ्या रात्री मुंबईचं नाटक. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा उलगली आणि लोकांच्या हातात कापसाचे थोडे पैसे आले की आम्ही तो घेतो. समितीत आम्ही सात-आठ जण आहोत. कोणी मास्तर, कोणी दुकानदार, मी केळी-पपईवाला. पासांचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं आहे आणि वही ठेवायची मला सवय आहे. छापताना आम्ही 'सन्मानिका' असा शब्द घालतो, पण तोंडात सगळ्यांच्या पासच.

मैदानात हजार खुर्च्या मावतात. त्यातल्या पुढच्या बारा रांगा, रांगेत वीस, म्हणजे 240 खुर्च्या आम्ही प्रायोजकांसाठी राखल्या. मागच्या तिकिटाच्या. प्रायोजक तीन थरांचे होते. एका मोठ्या कंपनीने सगळ्यात जास्त रक्कम दिली, त्यांना रात्रीचे साठ पास. चार मध्यम प्रायोजकांना प्रत्येकी पंचवीस. आणि सोळा दुकानदारांना, म्हणजे बी-बियाणं, भांडी, कापड, मोटारपंप असा माल विकणाऱ्यांना, प्रत्येकी पाच. साठ, शंभर आणि ऐंशी. बरोबर 240. त्या बेरजेवर मी फार खूष होतो. जेवढ्या खुर्च्या तेवढे पास, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

पहिल्या रात्री नऊ वाजता पडद्यामागे उभा राहून मी बाहेर पाहिलं. पुढच्या बारा रांगांत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मागे तिकीट काढून बसलेली माणसं माना उंचावत होती आणि त्यांच्याही मागे दोरीला धरून शे-दीडशे माणसं उभी होती. त्यात माझे चुलते होते. सत्तरी ओलांडलेले, सोंगाड्या आणि ढोलकी ऐकायला गावातून रिक्षाने आलेले, थंडीत कानाला मफलर गुंडाळून उभे. मी त्यांना पुढे आणून बसवू शकलो नाही. ती खुर्ची आपली नव्हती, दिलेली होती. ज्याला दिली तो कधीही येईल, या भीतीने आम्ही मध्यंतरापर्यंत कोणालाही तिथे बसू दिलं नाही.

तिन्ही रात्रींचे तुकडे मोजून झाल्यावर वहीत हे आकडे उतरले. पहिल्या रात्री 131 पास वापरले गेले, दुसऱ्या रात्री 96, तिसऱ्या रात्री 204. मिळून 720 पैकी 431. शंभरात साठ.

या आकड्यावरून समितीत पहिला गैरसमज झाला आणि तो अगदी सहज होण्यासारखा होता. खजिनदार म्हणाले, शंभरात साठच येतात ना, मग पुढच्या वर्षी 240 खुर्च्यांवर 340 पास काढा. आणखी चार प्रायोजक मिळतील, पैसा येईल आणि खुर्च्याही भरतील. ऐकायला सरळ वाटतं. पण शंभरात साठ ही तीन रात्रींची सरासरी आहे आणि सरासरी कुठल्याच रात्री खुर्चीवर येऊन बसत नाही. मैफलीच्या रात्री शंभरात चाळीस आले होते, नाटकाच्या रात्री पंच्याऐंशी. 340 पास काढले असते, तर नाटकाच्या रात्री 289 माणसं पास घेऊन दारात आली असती आणि आत खुर्च्या 240. एकोणपन्नास माणसं, तीही प्रायोजकांची पाहुणेमंडळी, बायकापोरांसह हातात पास धरून उभी राहिली असती. त्या 96 च्या रात्रीने खजिनदारांना मोहात पाडलं होतं. मी त्यांच्यापुढे वही उघडून तीन रात्री वेगवेगळ्या मांडल्या, तेव्हा त्यांनी तो विषय सोडला.

मग मी रात्रीऐवजी प्रायोजकांप्रमाणे गठ्ठे लावले. हे जमलं ते एकाच गोष्टीमुळे. पास छापताना प्रेसवाल्याकडून नंबरिंग मशीनने क्रमांक पाडून घेतले होते, पासाच्या मधोमध टोचरेषा होती आणि क्रमांक दोन्ही भागांवर होता. दारात फाडलेला तुकडा आमच्या डब्यात, उरलेला पाहुण्याच्या खिशात. कोणाला कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंत दिले ते माझ्या वहीत. त्यामुळे प्रत्येक हिरव्या तुकड्याचं घर मला सांगता येत होतं. क्रमांक नसते तर डब्यातून फक्त एक बेरीज निघाली असती आणि ती बेरीज काहीच बोलली नसती.

दुकानदारांच्या 240 पासांपैकी 196 वापरले गेले होते. मध्यम प्रायोजकांच्या 300 पैकी 164. आणि मोठ्या कंपनीच्या 180 पैकी फक्त 71: अठ्ठावीस, नऊ आणि चौतीस. ज्याने सगळ्यात जास्त पैसे दिले, त्याच्या खुर्च्या सगळ्यात जास्त रिकाम्या. समितीतल्या काही जणांना राग आला. त्यांना आपल्या कार्यक्रमाची किंमत नाही, असं बोलणं झालं. मलाही आधी तसंच वाटलं. पण मनात राग धरून वही बंद करायची, तर मोजलं कशाला? मी चौकशीला निघालो.

दुकानदाराचं सोपं होतं. पास त्याच्या गल्ल्यात. एक बायकोचा, एक भावाचा, एक नेहमीच्या गिऱ्हाइकाचा. पाच पास, पाच माणसं, सगळी डोळ्यांसमोरची. मोठ्या कंपनीचा पास मात्र लांबच्या प्रवासाला निघाला होता. आम्ही पाकीट त्यांच्या नाशिकच्या कार्यालयात पाठवलं होतं, कारण करार तिथे झाला होता. तिथून ते धुळ्याच्या साहेबांकडे गेलं, तिथून शहाद्याच्या प्रतिनिधीकडे. त्याच्या हातात पाकीट पडलं पहिल्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तीनला. त्याने जीव तोडून फोन केले. पण दुपारी तीनला फोन आल्यावर वडाळीचा किंवा प्रकाशाचा शेतकरी रात्री बायकोपोरांना घेऊन कसा येणार? गाडी ठरवायची, म्हशींचं दूध काढायचं, पाण्याची पाळी असेल तर ती कोणाच्या गळ्यात घालायची. आला नाही म्हणजे त्याला यायचं नव्हतं, असं नाही. पास त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता किंवा उशिरा पोचला होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी दोनच आकडे ठेवत होतो, दिलेले आणि आलेले. त्यांच्या मध्ये तिसरा आकडा दडलेला होता, तो म्हणजे वाटलेले. प्रायोजकाच्या कपाटात पडून राहिलेला पास आणि पाहुण्याच्या हातात पडूनही न वापरलेला पास, दोन्ही माझ्या डब्यात सारखेच गैरहजर. पण दोघांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिल्यासाठी वाटपाची वाट दुरुस्त करायची, दुसऱ्यासाठी माणसाची अडचण समजून घ्यायची. प्रतिनिधीला मी विचारलं, प्रत्यक्षात किती जणांच्या हातात दिले? त्याने आठवून सांगितलं, पहिल्या रात्रीचे तीस-बत्तीस. म्हणजे वाटले गेलेल्या बत्तिसातले अठ्ठावीस आले होते! उरलेले अठ्ठावीस पास त्याच्या टेबलाच्या खणात होते. त्याने खण उघडून दाखवला. कोरे करकरीत गुलाबी पास, टोचरेषा न तुटलेले.

तुकडे मोजणं हे पुरेसं नाही, हेही त्याच वर्षी कळलं. नाटकाच्या रात्री साडेनऊला मी आणि एक मास्तर, दोघांनी रांगेच्या दोन टोकांनी पुढच्या बारा रांगांत बसलेली माणसं मोजली होती. 227 भरली. डब्यात तुकडे निघाले 204. तेवीस माणसं कुठून आली? दारावरची कॉलेजची मुलं प्रामाणिक होती. पण नऊला दहा कमी असताना शंभर माणसं एकदम आली की हात पुरत नाहीत. कोणाचा पास नुसता बघून सोडला गेला आणि कोणी ओळखीवर, पास न दाखवताही गेला असेल. यातले किती कुठले, ते मला आजही सांगता येत नाही. पण खुर्च्या मोजल्या नसत्या, तर काही चुकलंय हेच कळलं नसतं. तेव्हापासून दारात दोन माणसं उभी करतो. एक पास फाडतो. दुसऱ्याच्या हातात फक्त दाबायचा काउंटर, त्याने पासाकडे बघायचंच नाही, आत जाणारं डोकं मोजायचं. आणि पडदा उघडल्यावर अर्ध्या तासाने खुर्च्यांची मोजणी. तीन आकडे जवळजवळ जुळले तर वहीवर विश्वास ठेवायचा.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालं होतं. पण या कामात पडणाऱ्याला ती माहीत हवी. नाटकाच्या रात्री मैदानाबाहेर चहाच्या गाडीजवळ एक पोरगा शंभर-शंभर रुपयांना हिरवे पास विकत होता. मी दोन विकत घेतले आणि उजेडात धरून क्रमांक पाहिले. एकाच मध्यम प्रायोजकाच्या वाट्यातले, लागोपाठचे. त्या रात्री त्या प्रायोजकाचे बाकीचे सगळे पास वापरले गेले होते. एरवी मी ते वहीत पाहून समाधानाने मान डोलावली असती. जास्त वापर म्हणजे चांगलं वाटप, असं नेहमी नसतं. लागोपाठचे क्रमांक एकाच दारातून सुटे सुटे, अनोळखी माणसांसोबत आले तर विचारायला हवं. मी त्या मालकांना एकटं गाठून दोन्ही पास समोर ठेवले, आवाज चढवला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःहून प्रत्येक पासावर पाहुण्याचं नाव लिहून घेतलं. त्या पोराला कोणी दिले होते, ते मी विचारलं नाही. शंभर रुपयाची गरज कोणाला किती असते, ते आमच्या भागात सांगावं लागत नाही.

जानेवारी 2024 साठी मोठ्या कंपनीकडे जाताना मी एका पानाचा हिशेब सोबत नेला. अध्यक्षांची इच्छा नव्हती. आकडा दाखवला तर पुढच्या वर्षी पैसे कमी करतील, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही. त्यांनी साठ खुर्च्यांचे पैसे मोजले होते आणि त्यांच्या खुर्च्यांवर कोण बसलं, ते त्यांना कळायला हवं होतं. साहेबांनी पान वाचलं, चेहरा उतरला. म्हणाले, "आमची माणसं आलीच नाहीत, असं लिहून देता तुम्ही?" मी म्हटलं, "साहेब, आली नाहीत असं नाही लिहिलं. पास पोचले नाहीत असं लिहिलंय." आणि खणातल्या अठ्ठावीस पासांची गोष्ट सांगितली.

ठरलं ते असं. साठांचा हक्क कायम. पण त्यातले वीसच पास आधी द्यायचे आणि तेही थेट शहाद्याच्या प्रतिनिधीच्या हातात, कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी, सही आणि तारीख घेऊन. उरलेले चाळीस माझ्याकडे. नाव सांगायचं आणि पास न्यायचा, मुदत आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत. त्यांनी पहिल्या रात्रीसाठी आणखी चौदा मागितले, मैफलीला तीन, नाटकाला एकतीस. म्हणजे तीन रात्रींचे मिळून 108 पास गेले आणि 89 माणसं आली. आदल्या वर्षी 180 दिले तेव्हा 71 आली होती. पास कमी झाले आणि माणसं वाढली. शिवाय 72 खुर्च्या मोकळ्या आहेत, हे मला आदल्या दिवशी दुपारीच कळलं आणि त्या तिकिटाला लावता आल्या.

त्या वर्षी काही प्रायोजकांनी मोबाइलवर पास मागितले, चौकटीतल्या कोडचे. त्यात सोय आहे, पण फाडायला तुकडा नाही. एकाने पासाचा फोटो चौघांना पाठवला की चारही जण हक्काने येतात. पहिला आत जातो, बाकी तिघांना फोन लाल दिवा दाखवतो आणि त्यातला खरा पाहुणा तिसरा असू शकतो. दुसरी अडचण आमच्या मैदानाची. हजार माणसं जमली की रेंज जाते. दोन दारांवरचे दोन फोन एकमेकांशी बोलेनासे होतात आणि एकच कोड दोन्हीकडे हिरवा लागतो. तालमीच्या दिवशी फोन मुद्दाम विमान मोडवर टाकून पाहिलं, म्हणून हे आधी उमगलं. उपाय साधा निघाला. प्रत्येक प्रायोजकाला एकच दार नेमून दिलं. त्याचे कोड त्याच दारावरच्या फोनमध्ये. मग दुसऱ्या फोनला विचारायची गरजच उरली नाही. आणि पाच जणांचा एक कोड असेल, तर फोन एकदा वाजतो पण माणसं तीनच असतात. म्हणून काउंटरवाला मुलगा तसाच ठेवला.

रिकाम्या खुर्च्यांचा प्रश्न तरीही उरतोच, कारण हातात पास असलेला माणूसही कधी येत नाही. म्हणून प्रत्येक पासावर ठळक छापलं: 9 वाजून 10 मिनिटांनी जागा सोडली जाईल. पहिल्या रात्री नऊ-दहाला निवेदकाने सांगितलं आणि मागची माणसं पुढे आली. दोनच मिनिटांत एका भांड्याच्या दुकानदाराची आई नातवंडांना घेऊन दारात उभी. रिक्षा पंक्चर झाली होती. त्यांच्या खुर्च्यांवर माणसं बसली होती. त्या म्हातारीपुढे उभं राहायला मला जीव जड झाला. धावत जाऊन स्वयंसेवकांच्या खुर्च्या आणून लावल्या. दुसऱ्या रात्रीपासून बारावी रांग मध्यंतरापर्यंत सोडायची नाही, असं ठरवलं. वीस खुर्च्या उशिरा येणाऱ्यांच्या. त्या दोन रात्रींत त्यातल्या मैफलीला चार लागल्या, नाटकाला अकरा.

नाटकाच्या रात्री सोडलेल्या जागांतून चुलते तिसऱ्या रांगेत बसले. मी बाजूला कठड्यापाशी उभा होतो. मफलर त्यांनी कानावरून काढून मांडीवर ठेवला होता.

घरी आल्यावर डबा खाटेवर ओतला. वहिनीने गठ्ठे लावले. चुलत्यांचा तुकडा त्यात असणार नव्हता, कारण सोडलेल्या खुर्चीला पास नसतो. मी वहीत दिलेले, वाटलेले, आलेले यांच्या शेजारी पट्टीने चौथा रकाना आखला, वर 'सोडलेल्या' लिहिलं आणि स्वयंसेवकाच्या चिठ्ठीवरचा आकडा उतरवला. सत्तावीस.